३०७, एसी लीकेज

जुलैचा दुसरा आठवडा होता. चाकणच्या बाजूच्या एका चौऱ्याऐंशी खोल्यांच्या हॉटेलात मी तेव्हा हाउसकीपिंग सांभाळत होते. सोमवारी दुपारी ३०७ मध्ये नागपूरचे एक गृहस्थ उतरले. जवळच्या कारखान्यात ऑडिटसाठी आले होते, मुक्काम चार रात्रींचा. सकाळी साडेआठला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सात-साडेसातला परत यायचं, असा त्यांचा ठरलेला दिवस.

सोमवारी रात्री सव्वाअकराला त्यांनी रिसेप्शनला फोन केला. एसीतून पाणी गळत होतं, खाली कपाटाजवळ फरशीवर साचलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर नोंद केली: "३०७ एसी लीकेज". त्याच्या दृष्टीने काम झालं, पुढचं इंजिनिअरिंग बघेल. आमच्याकडे या नोंदी इंग्रजीत टाइप होतात, इथे मी त्या मराठीत देतेय.

पुढचं सांगण्याआधी हा एसी कसा आहे ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. घरातल्या स्प्लिट एसीसारखा तो भिंतीवर नसतो. दारातून आत आलं की एका बाजूला बाथरूम, दुसऱ्या बाजूला कपाट आणि मधल्या छोट्या पॅसेजवर खाली उतरवलेलं फॉल्स सीलिंग. त्या सीलिंगच्या आत फॅन कॉइल युनिट बसवलेलं असतं, सगळे त्याला एफसीयू म्हणतात. गच्चीवरच्या किंवा तळघरातल्या प्लँटमधून साधारण सात अंशांचं पाणी पाइपने त्याच्या कॉइलमध्ये येतं, पंखा कॉइलवरून हवा ढकलतो. हवेतली वाफ गार कॉइलवर पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये पडते आणि ट्रेच्या टोकाला जोडलेल्या ड्रेनच्या नळीतून निघून जाते. पावसाळ्यात एका खोलीच्या युनिटमधून तासाला अर्धा ते एक लिटर पाणी असं निघतं. युनिटपर्यंत पोचायला सीलिंगला एक झाकण असतं, त्याला ट्रॅप डोअर म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दाराजवळच्या खोबणीतून की-कार्ड काढलं की दिव्यांबरोबर हा पंखाही बंद होतो.

रात्रपाळीचा टेक्निशियन पावणेबाराला खिशात टेस्टर घेऊन वर गेला. त्याने गळती डोळ्यांनी पाहिली. शिडी आणली नव्हती, आणि इतक्या रात्री झाकण उघडून गेस्टच्या अंगावर धूळ पाडायची हे बरं दिसलं नसतं. त्याने एसी बंद केला, फरशी पुसली, "सकाळी बघतो सर" म्हणाला. दहा-पंधरा मिनिटांत थेंब थांबले. गेस्ट खिडकी उघडून डासांच्या सोबतीने झोपले. टेक्निशियनने आपल्या खोलीतल्या कागदी रजिस्टरमध्ये लिहिलं, "३०७ पाणी, एसी बंद केला, सकाळी बघणे". कॉम्प्युटरवरची नोंद होती तशीच राहिली.

मंगळवारी साडेदहाला दिवसपाळीचा टेक्निशियन गेला. त्याने रजिस्टर उघडलं नव्हतं, स्क्रीनवरचे दोन शब्द तेवढे वाचले होते. गेस्ट कार्ड घेऊन बाहेर गेले होते, म्हणजे रात्री बंद केलेला एफसीयू अजूनही बंदच. आमच्या मावशींनी नुकतीच सफाई केली होती, त्यामुळे पॅसेज कोरडा ठणठणीत. त्याने आपलं कार्ड खोबणीत घातलं, एसी लावला, पाच-सात मिनिटं उभा राहिला. एक थेंब नाही. मग जाळीतला फिल्टर काढून धुतला, परत बसवला, त्यात मावशींनी पुसलेल्या फरशीवर बुटांचे ठसे उमटवले आणि नोंद बंद केली: "चेक केलं, ओके". त्याला मी दोष देत नाही. त्याला जे दिसलं त्यावरून खोली खरंच ओके होती.

मंगळवारी रात्री अकराला पुन्हा गळती. या वेळी थेंब गेस्टच्या बॅगेवर पडत होते आणि बॅगेवर ठेवलेली कागदांची फाइल ओली झाली होती. रिसेप्शनची नवी नोंद: "३०७ एसी पुन्हा लीक, अर्जंट!!!" बुधवारी सकाळी पाळी सुरू होताच इंजिनिअरिंगच्या सुपरवायझरने तीन उद्गारचिन्हं पाहिली आणि लगेच माणूस पाठवला. सात चाळीसला बेल वाजली तेव्हा गेस्ट दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं आणि विचारलं, "तुम्ही लोक एकमेकांशी बोलता का हो?"

हे वाक्य मला रिसेप्शनने आठ वाजता ऐकवलं. मी आधी मावशींना पॅन्ट्रीत गाठलं.

मावशी त्या मजल्यावर सहा वर्षं काम करत होत्या. विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दशः टिपून घेतलं होतं. "मॅडम, ते पाणी रात्रीच येतं. साहेब म्हणाले, आल्याआल्या नाही येत, अकरा वाजले की सुरू होतं. ओल बरोब्बर त्या झाकणाच्या कपाटाकडच्या कोपऱ्याखाली असते. टॉवेल टाकलेला असतो ना, तो मी सकाळी पिळते. पाणी चांगलं असतं, वास नाही. दिवसा काहीच नसतं. मी सुपरवायझर ताईंना सांगितलं होतं काल."

सांगितलं होतं, हे खरं. सुपरवायझरने ते आमचे फोन आणि नोंदी सांभाळणाऱ्या कंट्रोल डेस्कला कळवलं, डेस्कने आधीची नोंद पाहिली आणि "आहे की आधीच टाकलेलं" म्हणून सोडून दिलं. मावशींचं बोलणं दोघांच्या कानावरून गेलं. तेवढ्यात त्यातली वेळ गळाली, मग जागा गळाली आणि शेवटी उरलं "एसी लीकेज".

चीफ इंजिनिअर साहेबांना मी मावशींचं बोलणं जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते हसले. "अकरा वाजता? आणि एसी कधी लावतात? आठला? मग ड्रेन अर्धा चोक आहे. ट्रे भरायला तीन तास लागतात." खोली न बघता, खुर्चीत बसून त्यांनी हे सांगितलं.

त्यांचं गणित असं होतं. ड्रेन पूर्ण तुंबला असता तर पाणी लवकर ओसंडलं असतं आणि दिवसाही ट्रे भरलेलाच राहिला असता. इथे ड्रेनमधून थोडं पाणी जात होतं, पण येणारं पाणी जास्त होतं. म्हणून ट्रे हळूहळू भरत रात्री अकराला काठावरून सांडायचा. एसी बंद केला की नवं पाणी येणं थांबायचं, ट्रे झिरपत रिकामा व्हायचा आणि सकाळी साडेदहाला येणाऱ्या माणसाला कोरडी फरशी दिसायची. पाच मिनिटं एसी चालवून हा दोष कुणालाच दिसला नसता. तो दिसायला एक तर तीन तास बसून राहायला हवं, नाहीतर एक जग भरून पाणी थेट ट्रेमध्ये ओतून ते किती वेळात जातं ते बघायचं. पण जग भरून पाणी ओतायची आठवण टेक्निशियनला व्हायला नोंदीत वेळ असावी लागते.

बाकीच्या शक्यता मावशींच्याच वाक्यांनी बाद झाल्या. कॉइलच्या व्हॉल्व्हला किंवा पाइपच्या जोडाला गळती असती तर कार्ड काढल्यावरही पाणी आलं असतं, कारण पंखा थांबला तरी पाइपमधलं पाणी दाबाखाली असतंच. पाइपवरचं इन्सुलेशन फाटलेलं असतं तर त्यावर घाम धरून एसी लावल्यावर लवकरच थेंब पडू लागले असते, तेही पाइपच्या वाटेने, ट्रेच्या कोपऱ्यातून नव्हे. हवेच्या जाळीवर थेंब धरत असतील तर बहुतेक वेळा खिडकी उघडी असते आणि बाहेरची दमट हवा आत येत असते. इथे गेस्ट खिडकी बंद ठेवून बसायचे, एसी बंद केल्यावरच उघडायचे. आणि वरच्या ४०७ च्या बाथरूममधलं पाणी असतं तर ते वरच्या माणसाच्या अंघोळीच्या वेळी आलं असतं, कधी साबणाच्या वासासकट, आपल्या एसीशी त्याचा काही संबंध नसता.

म्हणजे चार गोष्टी समजायला हव्या होत्या: पाणी कुठून येतं, एसी लावल्यावर किती वेळाने येतं, बंद केल्यावर थांबतं का, आणि ते कसं आहे. चारही गोष्टी मावशींना माहीत होत्या. रिसेप्शनला त्यातली एकही विचारावीशी वाटली नाही, कारण नोंदीच्या रकान्याचं नाव होतं "तक्रार", आणि तक्रार तर त्याने लिहिली होती.

आता दुसरा भाग, गेस्टचा. ब्रेकफास्टला जाऊन मी त्यांना भेटले, माफी मागितली आणि दोनच प्रश्न विचारले. आज तुम्ही बाहेर असताना आम्ही खोलीत जाऊन काम केलं तर चालेल का? झाकणाखाली तुमची बॅग आहे, ती आमच्या मावशींनी उचलून रॅकवर ठेवली तर चालेल का? दोन्हींना ते हो म्हणाले. मग म्हणाले, "सोमवारीच विचारलं असतं तरी हो म्हणालो असतो." सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, इतका मोठा मोकळा वेळ रोज मिळत होता आणि आम्ही तीनपैकी दोन वेळा नेमके ते खोलीत असताना गेलो होतो.

मग मी स्वतः नोंद लिहिली.

"३०७. दारातून आत पॅसेजमध्ये, ट्रॅप डोअरच्या कपाटाकडच्या कोपऱ्यातून पाणी. एसी रात्री ८ ला सुरू होतो, गळती ११ च्या सुमारास, दोन्ही रात्री. एसी बंद केल्यावर १०-१५ मिनिटांत थांबते, दिवसा कोरडं. पाणी स्वच्छ, वास नाही. एसी चालू असताना खिडकी बंद. गेस्ट ७ पर्यंत बाहेर, परवानगी घेतली आहे. बॅग मावशी हलवतील. ३०६ चे गेस्ट बाहेर, ३०८ रिकामी. सफाई थांबवली आहे, ११ ला या, शिडी लागेल. काम संपलं की कंट्रोलला फोन."

यात "ड्रेन चोक" हे शब्द मी मुद्दाम घातले नाहीत. साहेबांचा तो अंदाज होता, आणि अंदाज नोंदीत गेला की टेक्निशियन तोच खरा धरून निघतो. आमच्याकडे मागे एकाने "एसीचा गॅस संपला" असं लिहिलं होतं. आमच्या खोल्यांतल्या युनिटमध्ये गॅस नसतोच, पाणी असतं. ते वाचून इंजिनिअरिंगच्या खोलीत दोन दिवस हशा चालला होता आणि खरा दोष, बंद पडलेला व्हॉल्व्ह, तसाच राहिला होता. डोळ्यांना काय दिसलं, हाताला काय लागलं, किती वाजता, एवढं लिहावं. कारण शोधणं त्यांचं काम आहे.

"सफाई थांबवली आहे" या तीन शब्दांबद्दल थोडं. सीलिंगचं झाकण उघडलं की वर्षभराची धूळ खाली येतेच. टेक्निशियन सफाईनंतर गेला तर मावशींना ती खोली दुसऱ्यांदा करावी लागते, आणि त्यांच्या वाट्याला दिवसाला चौदा-पंधरा खोल्या असतात. दुसऱ्यांदा करायला वेळ नसला की गेस्ट संध्याकाळी येतात तेव्हा उशीवर पांढरी भुकटी आणि पॅसेजमध्ये बुटांचे ठसे. दोष दुरुस्त झालेला असतो, तरी गेस्टला दिसते ती घाण. म्हणून आधी दुरुस्ती, मग सफाई. हा क्रम लावायचा तर टेक्निशियन किती वाजता येणार हे हाउसकीपिंगला आणि सफाई थांबली आहे हे इंजिनिअरिंगला कळायला हवं.

शेजारच्या खोल्यांचा उल्लेख आवाजासाठी. ड्रेन ओढायला जो पाणी ओढणारा व्हॅक्यूम लागतो तो चांगलाच घरघरतो आणि पॅसेजच्या भिंतीतून शेजारी ऐकू जातो. शेजारच्या खोलीत कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असेल तर आपण एक तक्रार मिटवून दुसरी तयार करतो. चाकणसारख्या ठिकाणी असे गेस्ट खूप असतात.

अकराला दिवसपाळीचाच टेक्निशियन आला, या वेळी शिडी, प्लॅस्टिकची चादर, दोन लिटरचा जग आणि व्हॅक्यूम घेऊन. मावशींनी बॅग रॅकवर ठेवली, गादीवर चादर पसरली. झाकण उघडलं. ट्रे जवळजवळ रिकामा होता, पण तळाला चिकट, करड्या-हिरव्या शेवाळाचा थर होता, बोट फिरवलं की जेलीसारखा हलत होता. त्याने जगभर पाणी ओतलं. पाणी हललं नाही, मग अगदी सावकाश उतरू लागलं. घड्याळ लावून बघितलं तर दहा मिनिटांनीही जवळजवळ सगळं शिल्लक होतं. व्हॅक्यूम ड्रेनच्या तोंडाला लावल्यावर पहिल्याच ओढीला करंगळीएवढा बुळबुळीत गोळा बाहेर आला, मागोमाग आणखी दोन. पुन्हा जगभर पाणी ओतलं, मिनिटाच्या आत गेलं. ट्रे पुसला, त्याचा उतार ड्रेनच्या बाजूलाच आहे ना ते बघितलं, झाकण लावलं. अकरा चाळीसला कंट्रोलला फोन. मावशींनी खोली केली ती त्यानंतर.

काम झालं की नाही हे बघायला आम्ही रात्रीची वाट पाहिली नाही. दोष दिसायला तीन तास लागत असतील तर तपासणीही तेवढी लांब हवी. खोबणीत आमचं कार्ड ठेवलं, एसी चालू ठेवला आणि झाकणाच्या त्या कोपऱ्याखाली फरशीवर टिशू पेपर पसरून ठेवला. चार वाजता सुपरवायझरने जाऊन बघितलं, टिशू कोरडा होता. कार्ड काढलं, टिशू उचलला आणि मेजावर चार ओळींची चिठ्ठी ठेवली: पाणी कशामुळे येत होतं, काय केलं, बॅग कुणी हलवली, पुन्हा काही दिसलं तर कुणाला फोन करायचा. रात्री फोन करून "आता ठीक आहे ना सर?" असं विचारायला मी रिसेप्शनला सक्त मनाई केली होती. ज्या माणसाची दोन रात्री झोपमोड केली त्याला तिसऱ्या रात्री खुशाली विचारायला उठवायचं म्हणजे कमालच. गुरुवारी ब्रेकफास्टला विचारलं. कोरडं होतं.

या वेळी नोंद बंद करताना टेक्निशियनने लिहिलं: "ट्रेमध्ये शेवाळ, ड्रेन अर्धा चोक. व्हॅक्यूमने काढला. २ लिटर १ मिनिटात जातं. १२ ते ४ चालवून तपासलं." ही ओळ दोन दिवसांनी उपयोगी पडली. ३०७ च्या बरोबर खाली २०७, त्या खोलीची ड्रेनची नळी त्याच उभ्या पाइपला जोडलेली. आठ दिवसांपूर्वी २०७ ची एक नोंद होती: "खोलीत कुबट वास". ती हाउसकीपिंगकडे, म्हणजे माझ्याकडे आली होती आणि आम्ही रूम फ्रेशनर मारून बंद केली होती. मीच सही केली होती. चीफ इंजिनिअर साहेबांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या आणि २०७ रिकामी असताना झाकण उघडलं. तिथेही तसंच शेवाळ, ट्रे निम्मा भरलेला. आठवडाभर ते पाणी तिथे साचून कुजत होतं आणि आम्ही खालून लिंबाचा सुगंध मारत होतो.

त्यानंतर आम्ही कंट्रोल डेस्कच्या फोनजवळ एक कागद चिकटवला. मावशींनी किंवा गेस्टनी दोष सांगितला की डेस्कने विचारायचं: नेमकं कुठे, कधी सुरू होतं, कधी थांबतं, तुम्ही काय करून बघितलं. आणि गेस्टबद्दल: आत्ता खोलीत आहेत का, कधी बाहेर जाणार, सामान कुठे आहे, आत यायला हो म्हणालेत का. लिहायचं काम डेस्कचं, मावशींनी फक्त बोलायचं. पंधरा खोल्या करणाऱ्या बाईच्या हातात फॉर्म देऊन उपयोग नसतो, तो आम्ही आधी एकदा देऊन पाहिला होता, ट्रॉलीत टॉवेलांखाली सापडायचा. एक अपवाद ठेवला. जळका वास, ठिणगी, ओल्या भिंतीवरचं बटण, यातलं काही असेल तर आधी इंजिनिअरिंगला फोन, नोंद नंतर.

पहिले दोन आठवडे बरे गेले. मग डेस्कवरच्या एका मुलाने प्रत्येक नोंदीत "रात्री ११ पासून" लिहायला सुरुवात केली. गळका नळ रात्री ११ पासून, करकरणारं दार रात्री ११ पासून. विचारलं तर म्हणाला, रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही ना मॅडम. तेव्हापासून "विचारलं, माहीत नाही" हे उत्तरही चालेल असं त्या कागदावर पेनने लिहून टाकलं. खोट्या वेळेपेक्षा ते बरं, निदान टेक्निशियन स्वतः विचारतो. "अर्जंट" हा शब्द मात्र काही केल्या गेला नाही. उद्गारचिन्हं तीनावरून एकावर आली, एवढंच.

ऑगस्टच्या शेवटी २१४ ची नोंद आली. मावशींनी सांगितलेली, डेस्कने टाइप केलेली: "पॅसेजच्या सीलिंगमधून थेंब, बाथरूमच्या दाराकडच्या बाजूने. कार्ड काढलं तरी चालू. पाणी खूप गार. खाली बादली ठेवली, सकाळपासून पाव भरली. गेस्टचं आज चेकआउट, १२ नंतर खोली रिकामी." टेक्निशियन सव्वाबाराला पाना आणि टेप घेऊन गेला. जग आणि व्हॅक्यूम खालीच ठेवले होते. व्हॉल्व्हचं ग्लँड ढिलं होतं, आवळून दहा मिनिटांत खाली आला.